रविवारच्या शिखर ट्रेकची सुधारित सूचना

आधीच्या सूचनेतील ‘सर्वांसाठी सोपा’ हे वर्णन रद्द समजावे. एकूण चाल १४ किलोमीटर, चढाई सुमारे ९०० मीटर आणि वेळ आठ ते नऊ तास असल्याने हा ट्रेक मध्यम ते कठीण आहे. पहिले दोन तास वाट मळलेली आहे. मात्र माथ्याखाली सुट्या मुरमाचा घसरडा आडवा टप्पा असून त्याच्या एका बाजूला खोल दरी आहे, आणि उतरताना पाऊल घसरण्याचा धोका तिथेच सर्वाधिक असतो. उंचीची भीती, गुडघेदुखी, दमा किंवा हृदयविकार असल्यास नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना अवश्य सांगावे.

सकाळी ६ वाजता निघू. दुपारी १२ वाजता, माथा समोर दिसत असला तरी, सर्वांनी परत फिरायचे आहे. विजा चमकू लागल्यास त्याआधीच. म्होरक्याच्या पुढे जाऊ नये, कड्यावर छायाचित्रांसाठी थांबू नये.

वाटेत पाणी नाही, म्हणून प्रत्येकाने तीन लिटर पाणी आणावे. चांगल्या पकडीचे बूट, रेनकोट, शिट्टी, खाऊ, नेहमीची औषधे आणि उशीर झाल्यास लागणारा टॉर्चही सोबत हवा. गुळगुळीत तळव्यांचे बूट असल्यास पायथ्यावरूनच परत पाठवले जाईल.