नोटीस कालावधी कमी करण्याबाबत विनंती अर्ज

दि. १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, लेखा विभाग,
भोसरी एमआयडीसी, पुणे

प्रत: एचआर विभाग

विषय: नोटीस कालावधी १८ दिवसांनी कमी करून १४ डिसेंबर २०२५ रोजी कार्यमुक्त करण्याबाबत

आदरणीय सर,

३ नोव्हेंबरला मी राजीनामा दिला. नियुक्तिपत्राप्रमाणे साठ दिवसांची नोटीस १ जानेवारी २०२६ ला संपते. राजीनामा देताना नाशिकच्या कंपनीशी २ जानेवारीला रुजू होण्याचं ठरलं होतं, तसं मी आपल्याला सांगितलंही होतं. गेल्या शुक्रवारी त्यांचा मेल आला. तिथे नवीन ईआरपी सुरू होत असून लेखा विभागाचं प्रशिक्षण सोमवार, १५ डिसेंबरपासून आहे, त्यामुळे त्याच दिवशी रुजू व्हावं असं त्यांनी कळवलं आहे. तारीख पुढे ढकलण्याची मी विनंती केली, पण ती मान्य झाली नाही. मेलची प्रत सोबत जोडली आहे.

त्यामुळे १४ डिसेंबर हा माझा कामाचा शेवटचा दिवस धरावा, ही विनंती. त्या दिवशी रविवार असला तरी आपली सुट्टी गुरुवारची, त्यामुळे पूर्ण दिवस कामाला मिळेल. ही तारीख निवडण्यामागे कारणही आहे. नोव्हेंबरचा जीएसटीआर-२बी १४ तारखेला येतो. तो खरेदी रजिस्टरशी जुळवून, ३बीचा तक्ता तयार करूनच मी टेबल सोडेन. पुढे २० तारखेच्या आत चलन भरून रिटर्न दाखल करणं माझी सहकारी प्रणाली हिला जमेल.

प्रणाली दोन वर्षं माझ्याबरोबर आहे. टॅलीतल्या नोंदी आणि बँक जुळवणी ती आजही एकटी करते. रिटर्नचं काम मात्र तिने आजवर पाहिलं आहे, केलेलं नाही. म्हणून या महिन्यात मी करीन आणि ती शेजारी बसेल. २० नोव्हेंबरला गुरुवार येतो, म्हणून ३बी १९ तारखेलाच भरू. डिसेंबरमध्ये उलट: ७ तारखेचा टीडीएस आणि जीएसटीआर-१ ती भरेल, मी नुसती पाहीन. ११ डिसेंबरही गुरुवारच आहे, तेव्हा जीएसटीआर-१ आदल्या दिवशी. पीएफ आणि ईएसआयची चलनं १५ तारखेच्या मुदतीची असली तरी १२ तारखेलाच काढून घेऊ. तिसऱ्या हप्त्याच्या आगाऊ करासाठी तात्पुरता नफा-तोटा सीएंकडे ८ डिसेंबरपर्यंत पोचवीन. ३१ डिसेंबरच्या वार्षिक रिटर्नची आकडेजुळणी ५ डिसेंबरपर्यंत पूर्ण करून त्यांच्याकडे देईन. ते रिटर्न दाखल होताना मी इथे नसेन, एवढी एक उणीव राहते.

खरी काळजी जॉबवर्कची आहे. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगला गेलेल्या मालाच्या चलनांचं रजिस्टर माझ्या एक्सेलमध्ये आहे आणि त्यातले निम्मे संदर्भ, खरं सांगायचं तर, माझ्या डोक्यात आहेत. माल वर्षाच्या आत परत आला नाही तर करआकारणीचा प्रश्न उभा राहतो, म्हणून हे अर्धवट सोडून जाणं मला पटत नाही. स्टोअर्सच्या शिंदेकाकांबरोबर रोज दुपारी चार ते पाच बसून प्रत्येक उघडं चलन तपासायचं आणि शेरा लिहायचा, असं आमचं तोंडी ठरलं आहे. आपली परवानगी मिळाली की सुरू करतो. नोव्हेंबरअखेर ते संपेल.

एक गोष्ट मात्र आपल्यालाच करावी लागेल. जीएसटी आणि ई-वे बिल पोर्टलवर माझा मोबाइल नंबर नोंदलेला आहे, ओटीपी माझ्याकडे येतात. अधिकृत स्वाक्षरीकर्ते आपण असल्यामुळे तो बदल आपल्या सहीने करावा लागतो. या आठवड्यात दहा मिनिटं दिलीत तर अर्ज तयार ठेवते. नाहीतर मी गेल्यावर गेटवर गाडी उभी आणि ओटीपी नाशिकला, अशी वेळ यायची.

कमी पडणाऱ्या १८ दिवसांपैकी ११ दिवस माझ्या शिल्लक अर्जित रजेतून वळते करावेत आणि उरलेल्या ७ दिवसांचं मूळ वेतन अंतिम हिशोबातून कापावं, याला माझी संमती आहे. रजा वळती करणं नियमात बसत नसेल तर पूर्ण १८ दिवसांची कपातही मान्य आहे. रुजू झाल्यावर जानेवारीअखेरपर्यंत संध्याकाळी सातनंतर प्रणालीला फोनवर मी उपलब्ध राहीन.

नाशिकला होकार कळवायचा आहे आणि भाड्याचं घरही पाहायचं आहे, म्हणून शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत आपला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती. भेटून बोलायचं असेल तर उद्या दुपारनंतर केव्हाही येते.

आपली विश्वासू,

मंजिरी देशमुख
वरिष्ठ लेखापाल

सोबत: नवीन कंपनीच्या मेलची प्रत, शिल्लक रजेचा तपशील