भोगीसाठी पन्नास पाकिटं: तुमची शेंगा चटणी, माझी कडक भाकरी

सोलापूर
८ डिसेंबर २०२५

शांताक्का, नमस्कार.

मी वैशाली, अक्कलकोट रोडची कडक भाकरीवाली. दिवाळीआधी बचत गटांच्या प्रदर्शनात आपली टेबलं शेजारी होती. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तुम्ही कागदावर चटणी काढून दिलीत आणि म्हणालात, "तुझ्या भाकरीवर टाकून बघ." बघितली. तेव्हापासून माझीच चटणी मला खाववेना. फोनवर बोलता आलं असतं, पण पैशाचं बोलणं कागदावर असलेलं बरं. निवांत वाचा, सूनबाईंनाही वाचायला द्या. सोबत डबा पाठवलाय, तो मात्र आधी उघडा.

सरळ मुद्द्यावर येते. येत्या भोगीला, म्हणजे १३ जानेवारीपर्यंत, आपण दोघींनी मिळून पन्नास पाकिटं करून विकावीत असं माझ्या मनात आहे. एका पाकिटात सहा कडक भाकरी, तीन ज्वारीच्या आणि तीन तीळ लावलेल्या बाजरीच्या, आणि तुमची शंभर ग्रॅम शेंगा चटणी. पन्नासच. भागीदारी नाही, करार नाही, कुणी कुणाच्या धंद्यात शिरायचं नाही.

हे का सुचलं ते सांगते. माझी भाकरी घेणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, "सोबत काय आहे?" पुण्याचे तर हमखास विचारतात. त्यांच्या घरी कडक भाकरी भाजी-आमटीत चुरायची सवय नाही, त्यांना ती हातात घेऊन कुडुमकुडुम खायची असते. म्हणून मी दोन वर्षं मिक्सरवर चटणी करून देत आले. खरं सांगू का, ती चटणी नाही, तिखट घातलेलं दाण्याचं कूट आहे. तुमची उखळात कुटलेली असते, तिला तेल सुटतं, चिमटीत धरली की गोळा होतो आणि लसूण दाताखाली येतो. मिक्सरचं पातं दाणा चिरतं, चेचत नाही. मी कितीही थांबत थांबत फिरवलं तरी एक तर भुसा होतो, नाहीतर एकदम लगदा. उखळ घेऊन बसायला माझ्याकडे ना हात आहेत ना वेळ. पहाटे चारपासून दुपारी बारापर्यंत आम्ही तिघी तव्यापुढेच असतो.

तुमच्याकडे चटणी आहे, नाव आहे, बाळीवेशीत तीस वर्षं तुमच्या दारात येणारं गिऱ्हाईक आहे. पण प्रदर्शनात तुम्हीच म्हणाला होतात, की गावाबाहेरची मागणी घ्यायला कुणी नाही, पॅकिंग जमत नाही, पिशवीतून तेल बाहेर येतं. ते काम मला जमतं. पाऊच सील करायचं मशीन आहे, लेबल छापून घेते तो माणूस ओळखीचा आहे, आणि पुण्यात हडपसर आणि कोथरूड मिळून चार सोसायट्यांच्या बायका माझ्याकडून दर महिन्याला भाकरी मागवतात. एसटी पार्सलनं माल जातो, पैसे आधी येतात. या चार गटांत मी नुसतं विचारून पाहिलं, तुमचं नाव न सांगता. बावीस पाकिटं तोंडी ठरली आहेत. उरलेली अठ्ठावीस सोलापुरातच जातील असा माझा अंदाज आहे. गड्ड्याला आलेली पाहुणेमंडळी परत निघताना पिशवीत काय भरतात ते तुम्हाला मी काय सांगणार? चादर एक वेळ राहील, चटणी-भाकरी राहत नाही. होम मैदानावर स्टॉल घ्यायचंही डोक्यात आलं होतं, पण भाडं आणि धूळ दोन्ही आपल्या मालाला परवडणार नाही. तुमच्या दारात दहा-पंधरा आणि माझ्याकडे बाकीची ठेवू.

आता डब्याविषयी. तो उघडल्यावर तुम्हाला वाटेल, एवढे पुठ्ठे कशाला? प्रदर्शनातून तुमची पाव किलो चटणी नेली होती, तिच्यावर मी प्रयोग केले. पहिल्यांदा साध्या झिपच्या पिशवीत भरून भाकरीवर ठेवली. पंधरा दिवसांनी उघडलं, तर वरच्या भाकरीवर रुपयाएवढा तेलाचा डाग, आणि सगळ्या भाकरींना लसणाचा वास. लसूण वाईट नाही हो, पण बाजरीच्या भाकरीतला तिळाचा वास पार गेला. मग जाड पाऊच सील केलं आणि ते दुसऱ्या पाऊचमध्ये घातलं. तेल थांबलं, वास थांबला. तसे दोन डबे पुण्याला बहिणीकडे पाठवले. एकातल्या सहापैकी दोन भाकरी मोडल्या, कारण चटणी वर होती आणि गाडीच्या धक्क्यानं ती इकडून तिकडे आपटत गेली. दुसऱ्यात चटणी तळाला आडवी, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, मग भाकरी, वर पुन्हा चकती. त्या सहाही सलग पोचल्या. तुमच्याकडे आलाय तो दुसऱ्या पद्धतीचा डबा. शेजारच्या पोरानं सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलाय, मुद्दामच.

पाकिटाचा हिशेब असा धरलाय. सहा भाकरींचे माझे ५४ रुपये, घाऊक देते त्याच दरानं. शंभर ग्रॅम चटणीचे तुमचे ३० रुपये, म्हणजे किलोला ३००. दर तुमच्याच तोंडचा आहे, वाढला असेल तर सांगा, तसा हिशेब बदलू. डबा, पाऊच, चकत्या आणि लेबल मिळून १४. झाले ९८. विकायचं १४० ला. वरचे ४२ रुपये निम्मे निम्मे, २१ तुम्हाला आणि २१ मला. पार्सलचा खर्च पुण्याच्या बायका वेगळा देतात, तो यात नाही.

पन्नास पाकिटांना तुमची पाच किलो चटणी लागेल. तिचे १५०० रुपये चटणी ताब्यात घेतानाच रोख देईन, विक्रीची वाट बघायची नाही. डब्यांचे ७०० रुपये पण मीच घालते. सगळी विकली तर नफ्याचे तुमच्याकडे आणखी १०५० येतील. यातून कुणाचा बंगला होणार नाही, हे मलाही कळतं. एखादं पाकीट उरलं तर त्यातली भाकरी मी ठेवीन आणि चटणीही मीच ठेवीन, तुम्हाला परत करणार नाही. वाटेत मोडलेली भाकरी माझ्या अंगावर. चटणी खवट निघाल्याची तक्रार आली तर मात्र तुम्हाला कळवीन आणि ते पाकीट आपण बदलून देऊ. तसं होईल असं वाटत नाही, पण बोलून ठेवलेलं बरं.

हे इतकं फोडून लिहिण्यामागं कारण आहे. तीन वर्षांपूर्वी एका दुकानात मी उधारीवर भाकरी ठेवत होते. बिल मागितलं की "पुढच्या आठवड्यात". चार महिने गेले, मग म्हणाले, निम्मा माल मोडका होता. लिहून काहीच नव्हतं, मग काय बोलणार? तेव्हापासून दहा रुपयांचाही व्यवहार वहीत लिहिते. आपल्या पाकिटांची वेगळी वही करू, ती दोघींना बघता येईल.

लेबलवर दोघींची नावं एकाच आकाराच्या अक्षरात, आणि दोघींचे एफएसएसएआय नोंदणी क्रमांक. घटक, वजन, पॅकिंगची तारीख, हिरवी खूण हे आलंच. "यात शेंगदाणा व तीळ आहेत" ही ओळ मी ठळक टाकणार आहे, काहींना दाण्याची ॲलर्जी असते. मुदत एक महिना लिहू. ज्वारीची भाकरी त्याहून जास्त टिकते, पण बाजरीचं पीठ लवकर कडू होतं. बाजरी दळून आणली की दुसऱ्या दिवसापर्यंत मी पीठ संपवते, तरी महिन्यापुढचं मी छातीठोक सांगणार नाही.

माझी एक भाची हैदराबादला असते, ती म्हणते इकडे शंभर पाकिटं उडतील. उडतीलही. पण जीएसटी नोंदणी नसताना चटणीसारखा कर लागणारा माल परराज्यात विकता येत नाही, आणि आपण दोघीही नोंदणीत नाही. म्हणून सध्या महाराष्ट्रातच.

तुमची कृती मला नको आहे. दाणे किती भाजता, मिरची कुठली, जिरं कधी टाकता, काहीच विचारणार नाही. पाच किलोमागं फक्त एक मागणं आहे: चटणी कुटून एक दिवस ताटात मोकळी ठेवून मग द्या. गरम असताना पाऊच सील केलं की आतून घाम धरतो. आणि माझी मिक्सरची चटणी मी या महिन्यापासून बंद करतेय, तुम्ही हो म्हणा किंवा नको म्हणा. नुसती चटणी मागायला कुणी आलं तर तुमचा नंबर देईन, त्यात माझं काही नाही.

पटलं तर शनिवारी, १३ तारखेला संध्याकाळी तुमच्याकडे येते. गुरुवारी मार्गशीर्षातला उपास असेल तुमचा, म्हणून तो दिवस टाळलाय. चटणी शुक्रवारी २ जानेवारीला मी स्वतः येऊन नेईन, शनिवार-रविवारी पॅकिंग, सोमवारपासून विक्री. रविवारी १८ जानेवारीला वही घेऊन बसू आणि पैसे तिथंच वाटू. पुढं करायचं की नाही ते त्या दिवशी बघू. नाही जमलं तर पन्नासवरच थांबू.

पाच किलो कुटणं या महिन्यात जड जात असेल तर तसं सांगा. तीन किलोची तीस पाकिटं करू. खांदा दुखतो असं प्रदर्शनात म्हणाला होतात, ते माझ्या लक्षात आहे. कुटायला माणूस लावायचा असेल तर त्याची मजुरी किलोच्या दरात धरा, मी घासाघीस करणार नाही.

डब्यातल्या चटणीला हसू नका. तुमची संपली होती, म्हणून वजन दाखवायला माझी मिक्सरची भरलीय. ती खाऊ नका, भाकरी तेवढी खाऊन बघा, आणि बाजरीची थोडी जास्त भाजली गेलीय का ते सांगा. तिघींपैकी दोघी म्हणतात झालीय, मला तशीच आवडते.

तुमची,
वैशाली