अठराशे रुपये

सुमनबाईंनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर सोसायटीचे जुने खजिनदार मुलाकडे राहायला गेले, तेव्हा सर्वसाधारण सभेत सगळ्यांच्या माना बाईंकडेच वळल्या. डोंबिवलीतली चार मजल्यांची इमारत, सोळा फ्लॅट, महिना अठराशे रुपये मेंटेनन्स. हिशेब अवघड नव्हता, पण जुन्या रजिस्टरची पानं सुटायला आली होती आणि कमिटीला हिशेब आता एक्सेलमध्ये हवा होता.

दुसऱ्या मजल्यावरची ओवी, बारावीतली, रोज संध्याकाळी अर्धा तास यायची. एका ओळीत एक फ्लॅट, एका उभ्या रांगेत एक महिना. एप्रिल C मध्ये, सप्टेंबर H मध्ये. I मध्ये कुणी मागची बाकी भरली तर ती, आणि शेवटी सध्याची बाकी. तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः सूत्र लिहिलं:

```
=6*1800-SUM(C12:H12,I12)
```

एंटर दाबल्यावर ३०३ची बाकी आपोआप उमटली, तेव्हा त्यांना फळ्यावरचं पहिलं समीकरण सुटल्यासारखा आनंद झाला. वहीत त्यांनी सगळं मराठीत लिहून ठेवलं. कुठलं बटण, कुठे, कशासाठी.

सप्टेंबरअखेर पत्रकात दोघांची बाकी दिसली, १०४ आणि ३०३, प्रत्येकी अठराशे. ऑगस्टची बेरीजही २५,२०० होती, म्हणजे २८,८०० पेक्षा बरोबर दोन हप्ते कमी. मेळ बसला. सेक्रेटरींनी यादी बोर्डावर लावली.

चार दिवसांनी रात्री नऊ वाजता ३०३च्या गायकवाड मावशी दारात उभ्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पावती.

"बाई, सही तुमचीच आहे ना? मग माझं नाव खाली बोर्डावर का?"

सही बाईंचीच होती. ऑगस्टचीच पावती. त्यांना काही बोलता येईना. "मावशी, नाव आत्ता काढते," एवढंच त्या म्हणाल्या, चपला घालून खाली गेल्या आणि यादी टाचणीसकट उतरवून घेऊन आल्या.

मग लॅपटॉप उघडला. पत्रकात ऑगस्टसमोर १८०० चक्क लिहिलेले होते, तरी बेरजेत नव्हते. ओवीला त्या रात्री बोलवणं बरं दिसलं नसतं. बाईंनी पासबुक काढून एकेक नोंद पेन्सिलने खूण करत तपासली. सोळाच्या सोळा हप्ते जमा होते. म्हणजे चूक बँकेत नव्हती, माणसांत नव्हती, पत्रकात होती.

सगळे आकडे सुबक दिसावेत म्हणून ओवीने ते मधोमध घेतले होते. बाईंनी ती मांडणी काढून टाकली. चौदा आकडे झटकन उजवीकडे सरकले. दोन डावीकडेच चिकटून राहिले. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं: `1800/-`.

हे दोनच चेकने आलेले पैसे. चेकवर असतं तसंच बाईंनी ते पत्रकात उतरवलं होतं. रकमेपुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून आयुष्यभर ओढलेली ती रेघ. एक्सेलने ती रेघ पाहिली आणि आकड्याला शब्द समजून बेरजेतून वगळलं. कागदावर पैशांची राखण करणारी खूण इथे पैसेच पुसत होती.

त्यांनी दोन्ही रेघा खोडल्या. बेरीज २८,८०० झाली, ३०३ची बाकी शून्य. पण १०४समोर `-1800` आलं. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. यादी लागली त्याच संध्याकाळी साठेकाका खाली येऊन रोख अठराशे देऊन गेले होते, एक शब्द न बोलता. पावती बाईंनीच फाडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी ओवीने डेटा व्हॅलिडेशन लावून दिलं, त्या रांगांत आकड्याशिवाय दुसरं काही टाइपच होऊ नये म्हणून. बाईंनी वहीत नवीन पान घातलं: दर महिन्याला पत्रकाची बेरीज पासबुकाशी ताडायची, यादी त्यानंतर. मग पासबुक आणि पाकिटात अठराशे रुपये घेऊन त्या १०४ची बेल वाजवायला गेल्या.

"काका, चूक माझी झाली. तुमच्याकडून दोनदा पैसे घेतले गेले. तुम्ही बोलला का नाहीत?"

साठेकाका पाकिटाकडे बघत राहिले. "यादीत नाव होतं. म्हटलं, मीच विसरलो असेन. हल्ली विसरायला होतं हो. ही पण तेच म्हणते."

बाईंनी पासबुक उघडून त्यांच्यासमोर धरलं. "तुम्ही विसरला नव्हतात. सहा ऑगस्टचा चेक. हा बघा."

काकांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. पाकीट तसंच बाईंच्या हातात ठेवून ते स्वयंपाकघराकडे वळले.

"अगं, ऐकलंस का? दिला होता मी चेक!"