टीप लिहा : आणीबाणीविषयक तरतुदी आणि मूलभूत हक्कांचे निलंबन

भारतीय संविधानाच्या अठराव्या भागात (अनुच्छेद ३५२ ते ३६०) राष्ट्रीय आणीबाणी, राज्यातील राष्ट्रपती राजवट व आर्थिक आणीबाणी अशा तीन प्रकारच्या तरतुदी आहेत. मूलभूत हक्कांच्या निलंबनाचा प्रश्न मात्र अनुच्छेद ३५२ खालील राष्ट्रीय आणीबाणीतच उद्भवतो. अशी उद्घोषणा आजवर १९६२, १९७१ आणि १९७५ अशी तीनदा झाली.

अनुच्छेद ३५८ व ३५९ यांत उत्तरपत्रिकेत नेहमी गल्लत होते, म्हणून त्यांतील भेद नेमका मांडायला हवा. युद्ध किंवा परकीय आक्रमण या कारणास्तव उद्घोषणा होताच अनुच्छेद ३५८ मुळे अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये आपोआप स्थगित होतात. त्यासाठी वेगळा आदेश लागत नाही. सशस्त्र उठावाच्या कारणावरील उद्घोषणेने हा परिणाम होत नाही. अनुच्छेद ३५९ खाली मात्र राष्ट्रपतींना स्वतंत्र आदेश काढावा लागतो आणि त्यात नमूद केलेल्या हक्कांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच तेवढ्या काळापुरता बंद होतो. ‘माखनसिंग विरुद्ध पंजाब राज्य’ (१९६४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, असा आदेश असतानाही स्थानबद्धता मूळ कायद्याला धरून नाही किंवा ती दुष्ट हेतूने केली आहे, या कारणांवर तिला आव्हान देता येते.

१९७५ मध्ये हे संरक्षणही टिकले नाही. २७ जून १९७५ च्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांची अंमलबजावणी थांबवण्यात आली. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली देशभर धरपकड झाली; पुण्यातील येरवडा कारागृहातही अनेक राजकीय कार्यकर्ते विनाचौकशी स्थानबद्ध होते. अनेक उच्च न्यायालयांनी अशा स्थानबद्धांच्या बंदीप्रत्यक्षीकरणाच्या याचिका ऐकण्यायोग्य ठरवल्या होत्या, परंतु ‘ए. डी. एम. जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ (१९७६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने तो दरवाजा बंद केला. न्या. एच. आर. खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले. जीविताचा हक्क हे संविधानाने दिलेले दान नाही आणि अनुच्छेद २१ स्थगित झाला तरी कायद्याच्या आधाराविना कोणाचेही स्वातंत्र्य हिरावण्याची सत्ता शासनाला मिळत नाही, ही त्यांची भूमिकाच संविधानाशी सुसंगत होती. सर्वोच्च न्यायालयाच्याच ‘पुट्टस्वामी’ निकालाने (२०१७) जबलपूर प्रकरणातील बहुमताचा निर्णय स्पष्टपणे रद्दबातल ठरवला.

त्याआधीच ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) ‘अंतर्गत अशांतता’ या मोघम कारणाऐवजी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले, उद्घोषणेपूर्वी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय अनिवार्य केला आणि एका महिन्यात संसदेची विशेष बहुमताने मान्यता आवश्यक ठरवली. सर्वांत मोलाचा बदल अनुच्छेद ३५९ मध्ये झाला : अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आता कोणत्याही आणीबाणीत थांबवता येत नाही. शिवाय ज्या कायद्यात तो आणीबाणीशी संबंधित असल्याचा उल्लेख आहे, त्याच कायद्याला आणि त्याखालील शासकीय कृतीला अनुच्छेद ३५८ व ३५९ यांचे संरक्षण मिळते.