लोणचं-पापडाची जाहिरात: मोबाइलवर शूट करायची स्क्रिप्ट

(दीड मिनिटाचा व्हिडिओ, मोबाइल उभा धरायचा. मागे गाणं नको, अडकित्त्याचा आवाज येऊ दे, तोच भारी वाटतो.)

अंगण. मावशी अडकित्त्यावर कैरी फोडतायत. कॅमेरा एका फोडीच्या एकदम जवळ.

ताई: राम राम! आम्ही जामनेर तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. ही फोड बघा, बाठीचं कवच लागून आहे ना, अशीच पाहिजे, कोवळ्या कैरीचं लोणचं दिसायला छान पण लवकर मऊ पडतं, म्हणून आम्ही बाठ धरलेली गावरान कैरीच घेतो, मग भाव जास्त लागला तरी चालेल.

मोठी परात. फोडी, मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, तिखट, मीठ.

ताई: शेंगदाण्याचं तेल कडवून पूर्ण गार करायचं आणि मगच ओतायचं. टिकायला दुसरं काही घालत नाही, मीठ आणि वर तरंगणारं तेल, बस. म्हणून बरणीत ओला चमचा घालू नका हं, मग आम्हाला फोन करून ओरडू नका!

ओसरी. उडदाचं पीठ कुटणं चाललंय, काकू दोऱ्याने लाट्या कापतायत.

काकू: हात दुखतात बाई, पण कुटल्याशिवाय पापड फुलत नाही.

वहिनी: (पापड उजेडात धरून, पलीकडची बोटं दिसतायत) बोटं दिसली म्हणजे पास, नाही दिसली तर परत लाटा!

ताई: पापडखार, हिंग, काळी मिरी, जिरं. आधी सावलीत सुकवतो, नंतर थोडं ऊन. खान्देशातले ज्वारीचे बिबडे पण आहेत, ते भाजून त्यावर कच्चं तेल, कांदा आणि तिखट, बाकी काही सांगत नाही.

पॅकिंगचं टेबल. सगळ्यांच्या डोक्याला टोपी, हातात ग्लोव्हज.

ताई: बरणीला आधी सील, मग झाकण, मग रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवतो, सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला की ती बरणी बाजूला. पापडाच्या पाकिटाच्या दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा. लेबलवर एफएसएसएआय नंबर, बनवल्याची तारीख आणि ज्या बाईने भरलं तिची सही, म्हणजे कौतुक आणि तक्रार दोन्ही बरोबर पोचतं.

स्क्रीनवर: कैरीचं लोणचं अर्धा किलो २२० रुपये. उडीद पापड ४०० ग्रॅम १८० रुपये. बिबडे अर्धा किलो १६० रुपये.

ताई: व्हिडिओखालचं व्हॉट्सॲपचं बटण दाबा, काय पाहिजे आणि पिनकोड टाका, पैसे यूपीआयने. सोमवारी आणि गुरुवारी पार्सल स्पीड पोस्टने निघतं. पापड तुटका निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या ऑर्डरमध्ये नवीन पाकीट टाकतो, आणि तुटके तळून खा, चव तीच!

मावशी: (मागून ओरडत) आणि दिवाळीची ऑर्डर आत्ताच सांगा म्हणा, नंतर घाई करतात!