केस-आधारित प्रश्नसंच: विषबाधा आणि सर्पदंश, अंतिम वर्ष व इंटर्नसाठी

रुग्ण काल्पनिक आहेत. मात्र द्राक्षबागांचा आणि उसाचा हा पट्टा ज्यांना माहीत आहे, त्यांना यातला एकही अनोळखी वाटणार नाही. आधी नोंद वाचा, उत्तर कागदावर लिहा आणि मगच पुढे जा. डोसचा आकडा लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण धरू नये.

केस 1

नोंद: पुरुष, 34 वर्षे, वजन 50 किलो, तासगाव तालुका. सायंकाळी 6.40 ला कॅज्युअल्टीत आणला. नातेवाईक सांगतात, "बागेत फवारणी केली आणि चक्कर आली." तीन उलट्या, तोंडाला फेस, कपड्यांत लघवी. कपड्यांना औषधाचा उग्र वास. नाडी 112, रक्तदाब 100/60, श्वसनगती 32, ऑक्सिजन 84 टक्के. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दोन्ही फुफ्फुसांत सर्वत्र क्रेप्ट्स. मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू फडफडताहेत. साखर 178. बाटली आणलेली नाही.

प्रश्न 1.1: निदान काय? नाडी 112 आहे म्हणून सहकारी अ‍ॅट्रोपिन थांबवायला सांगतो. तुम्ही काय कराल?

उत्तर: ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा. बाटली हाती येईपर्यंत कार्बामेटही शक्यतेत धरा. सुरुवातीचे उपचार तेच. कोलिनएस्टरेजचे रक्त पाठवा, पण रिपोर्टची वाट पाहू नका. नाडी मंदच असायला हवी हा समज चुकीचा आहे. निकोटिनिक परिणामामुळे आणि ऑक्सिजन कमी पडल्यामुळे ती वाढते. वाढलेली नाडी अ‍ॅट्रोपिनला आडकाठी नाही. हा माणूस स्वतःच्या स्रावांत बुडतो आहे आणि ते स्राव अ‍ॅट्रोपिनच सुकवणार आहे.

प्रश्न 1.2: पहिल्या अर्ध्या तासातली कृती क्रमाने, डोससह लिहा.

उत्तर: हातमोजे, एप्रन. रुग्ण डाव्या कुशीवर, सक्शन, जास्त प्रवाहाने ऑक्सिजन. श्वास पुरत नसेल तर नळी घालून व्हेंटिलेटर. दोन शिरा उघडा. पहिला डोस देताना दुसऱ्याने कपडे काढून साबणपाण्याने अंग, केस, नखे धुवावीत. कपडे पिशवीत बंद करावेत, खाटेखाली टाकू नयेत.

अ‍ॅट्रोपिन 1.8 मिग्रॅ, म्हणजे 0.6 च्या 3 अँप्युल्स, शिरेतून. दर 5 मिनिटांनी छाती ऐका. सुधारणा नसेल तर डोस दुप्पट. या रुग्णाला 3, 6 आणि 12 अँप्युल्स लागल्या, तेव्हा छाती मोकळी झाली. एकूण 12.6 मिग्रॅ. आता त्याच्या 10 ते 20 टक्के दर तासाला, म्हणजे सुमारे 1.3 ते 2.5 मिग्रॅ, इन्फ्युजनने. लक्ष्य: छाती स्वच्छ, काख कोरडी, नाडी 80 च्या वर, सिस्टोलिक 80 च्या वर. बाहुल्या उशिरा मोठ्या होतात, त्यांच्यामागे धावू नका. क्रेप्ट्स एकाच बाजूला उरले तर उलटी फुफ्फुसात गेल्याचा संशय घ्या. तिथे अ‍ॅट्रोपिन वाढवून फायदा नाही.

प्रॅलिडॉक्झिम 30 मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे 1500 मिग्रॅ, 20 ते 30 मिनिटांत. मग 400 मिग्रॅ दर तासाला. त्याच्या फायद्याबद्दल मतभेद आहेत, पण अ‍ॅट्रोपिनआधी आणि भरभर देऊ नये यावर नाहीत. घाईने दिल्यास उलटी, रक्तदाबात उसळी, क्वचित हृदय बंद. झटके आल्यास डायझेपाम 10 मिग्रॅ. पोट धुणे फक्त प्यायल्यापासून तास-दोन तासांत आणि श्वासनलिका सुरक्षित असेल तरच.

प्रश्न 1.3: "फवारणीने झालं" हे किती खरे मानायचे?

उत्तर: उपचारापुरते दोन्ही शक्यता धरा. नातेवाइकांना बाहेर पाठवून, रुग्ण शुद्धीत आल्यावर एकांतात विचारा. एमएलसी नोंद दोन्ही प्रकारांत करा. प्यायल्याचे कळल्यास मानसोपचार तज्ज्ञांना बोलवा. मानसिक आरोग्य कायदा, 2017 नुसार अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरले जाते. पोलिसांची भीती घालून माहिती काढणे हा गुन्हेगारी तपास झाला, केस हिस्टरी नव्हे.

पुढची नोंद: दुसऱ्या रात्री रुग्ण बडबडतो, सलाईन उपसतो. ताप 101, नाडी 150, आतड्यांचे आवाज नाहीत, मूत्राशय भरलेले.

प्रश्न 1.4: काय झाले?

उत्तर: अ‍ॅट्रोपिन जास्त झाले. इन्फ्युजन थांबवा, दर अर्ध्या तासाने तपासा, लक्षणे ओसरल्यावर आधीच्या 70 ते 80 टक्के वेगाने सुरू करा. कॅथेटर घाला.

पुढची नोंद: तिसरा दिवस, सकाळ. छाती स्वच्छ, बाहुल्या ठीक. घरचे म्हणतात, "आता बरा आहे, वॉर्डात हलवा." पण उशीवरून मान उचलता येत नाही. श्वास उथळ, गती 34, ऑक्सिजन 93 टक्के.

प्रश्न 1.5: वॉर्डात हलवाल का?

उत्तर: नाही. हा इंटरमिजिएट सिंड्रोम: 24 ते 96 तासांत मान, खांदे, मांड्या आणि श्वसनाचे स्नायू ढिले पडतात. अ‍ॅट्रोपिन वाढवून काही होत नाही, उपचार व्हेंटिलेटर हाच, काही दिवस ते दोन-तीन आठवडे. नळी घालताना सक्सिनिलकोलिन टाळा. कोलिनएस्टरेज दबलेले असल्याने त्याचा परिणाम लांबतो. रोज सकाळी "मान उचला" म्हणणे आणि एका श्वासात किती आकडे मोजतो ते लिहिणे, एवढ्याने हा धोका आधी कळतो.

केस 2

नोंद: मुलगी, 9 वर्षे, 25 किलो, पाटण तालुका, जुलै. जमिनीवर झोपली होती. पहाटे 3 ला पोटात कळ, दोन उलट्या. गावात पित्ताचे इंजेक्शन. 6 वाजता पापण्या मिटू लागल्या, आवाज बसला, लाळ गिळता येईना. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. 20 मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठले.

प्रश्न 2.1: खूणच नाही, मग सर्पदंश कसा म्हणणार?

उत्तर: मण्यारीचा दंश बहुधा वेदनारहित आणि खूण न ठेवणारा. रात्री जमिनीवर झोपणे, पहाटे पोटदुखी आणि मग वरून खाली उतरणारा लकवा, या तिन्ही गोष्टी जुळल्या की निदान झाले. जीबीएस सहसा पायांपासून वर चढतो. रक्त गोठले म्हणजे घोणस, फुरसे यांची शक्यता कमी. चाचणीची काचेची नळी नवी, कोरडी असावी. डिटर्जंटने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही.

प्रश्न 2.2: एएसव्ही किती? वजनावर कमी करणार का?

उत्तर: 10 व्हायल, मोठ्यांइतक्याच, साप मूल पाहून विष कमी टोचत नाही. प्रत्येक व्हायल सोबतच्या 10 मिली पाण्यात हलकेच फिरवून विरघळवा, हलवून फेस करू नका. सलाईनमध्ये एकूण सुमारे 250 मिली, एका तासात. त्वचेवर टेस्ट डोस नाही. अ‍ॅड्रेनालिन 0.25 मिग्रॅ आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवा. पित्त उठले, खोकला लागला की एएसव्ही बंद, अ‍ॅड्रेनालिन मांडीच्या स्नायूत. आवरल्यावर पुन्हा हळू सुरू.

निओस्टिग्मिन-अ‍ॅट्रोपिन एकदा देऊन पाहता येते, पण मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालते, म्हणून फरक थोडा. एक-दोन तासांत लकवा वाढत असेल तर आणखी 10 व्हायल, एकूण 20 पर्यंत. त्यापुढे एएसव्हीने लकवा सुटत नाही, व्हेंटिलेटरच तारतो.

प्रश्न 2.3: व्हेंटिलेटरवर बाहुल्या पसरलेल्या, हालचाल शून्य. आई विचारते, "गेली का हो?"

उत्तर: मण्यारीच्या विषात असे दिसते आणि रुग्ण आतून शुद्धीत असू शकतो. मेंदू मृत म्हणायची घाई करू नका. खाटेजवळ बोलताना ती ऐकते आहे असे धरून बोला.

केस 3

नोंद: पुरुष, 41, मिरज तालुका, ऑक्टोबर. छाटणीनंतर दिवसभर काड्यांना पेस्ट लावली, सायंकाळी दारू घेतली. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, डोके ठणकणे, उलट्या, धडधड. नाडी 130, रक्तदाब 84/50. बाहुल्या ठीक, छाती स्वच्छ, लाळ नाही.

प्रश्न 3.1: रेफर चिठ्ठीवर "ओपी पॉइझनिंग, अ‍ॅट्रोपिन सुरू" लिहिले आहे. सहमत?

उत्तर: नाही, अ‍ॅट्रोपिन बंद. पेस्टमधले हायड्रोजन सायनामाईड अ‍ॅसिटाल्डिहाईड पुढे मोडू देत नाही, त्यामुळे दारूबरोबर डायसल्फिरामसारखी प्रतिक्रिया येते. उतारा नाही. ऑक्सिजन, सलाईन, ईसीजी. रक्तदाब उठला नाही तर नॉरअ‍ॅड्रेनालिन. हातांवर जळल्याच्या खुणा पाहा, त्वचा धुवा. घरी सोडताना पुढचे काही दिवस दारू बंद, आणि अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषधही नको, हे चिठ्ठीवर मराठीत लिहा.