सोमवार, १ डिसेंबर २०२५ : प्रार्थनेनंतरच्या घोषणा

(वाचणार : नववी 'अ'. माइक तोंडापासून वीतभर लांब धरावा, नाहीतर शिट्टी वाजते.)

शाळा, विश्राम.

आदरणीय मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षक, ऑफिसमधले दादा-ताई आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

आज घोषणांची पाळी आमच्या वर्गाची. ऑफिसने शनिवारी आम्हाला चौदा स्लाइड्स दिल्या. पालकसभेला हॉलमध्ये पडद्यावर दाखवल्या होत्या, त्याच. इथे अंगणात उन्हात पडदा दिसणार नाही, तेव्हा त्या सगळ्या मी तोंडी सांगणार आहे. बाईंनी दहा मिनिटं दिली आहेत. एका स्लाइडवर नुसतं उगवत्या सूर्याचं चित्र आहे. ती सोडते, सूर्य समोरच आहे.

बालरथाची सूचना स्लाइड्समध्ये अकराव्या नंबरवर होती. आम्ही ती पहिली घेतली, कारण ती चुकली तर गुरुवारी सकाळी कुणीतरी एकटं नाक्यावर उभं राहील. स्लाइडवर लिहिलंय, 'वाहतूक वेळापत्रकात सुधारणा'. म्हणजे असं : पिळगाव-मये बाजूचा बालरथ गुरुवार, ४ डिसेंबरपासून दहा मिनिटं लवकर निघेल. पहिल्या थांब्यावर सात पाचला. तिथून पुढचे सगळे थांबे तसेच दहा-दहा मिनिटं अलीकडे धरायचे. दोन थांबे वाढलेत म्हणून. साखळी बाजूच्या बालरथात काही बदल नाही. पाचवी-सहावीतल्यांनी आजच डायरीत लिहून घरी दाखवा. 'आईला सांगितलंय' चालणार नाही, आईची सही हवी.

परवा, बुधवारी ३ तारखेला, सुट्टी आहे. गोंयच्या सायबाचं फेस्त. जुन्या गोव्याला जाणाऱ्यांनी घरच्यांचा हात सोडू नका, गर्दी फार असते. बुधवारचा पीटीचा तास शुक्रवारी होईल, म्हणजे पांढरा गणवेश शुक्रवारी. हे दर वेळी निम्मे जण विसरतात आणि रांगेत खिचडी दिसते.

आता अभिनंदन. स्लाइडवर 'यशोगाथा' असं सोनेरी अक्षरात आहे. ज्यांचं अभिनंदन आहे त्यांनी पुढे यावं आणि आपली नावं माइकवर स्वतः सांगावीत. नावं आम्ही वाचली की खालून 'कोण रे तो' सुरू होतं.

चौदा वर्षांखालच्या मुलींचा खो-खो संघ तालुक्यात पहिला आला. अंतिम सामन्यात शेवटच्या पाळीत आपल्या तीन मुली धावायच्या राहिल्या होत्या आणि वेळ दोन मिनिटं. तिघीही बाद झाल्या नाहीत. मी तिथे होते, ती दोन मिनिटं कुणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही.

(मुली नावं सांगतात. टाळ्या थांबेपर्यंत थांबावे.)

फुटबॉलचे मुलगे अंतिम फेरीत पेनल्टीवर हरले. स्लाइडवर 'उपविजेते' आहे. खरंतर त्यांनीच सांगितलं की हरलो म्हण. त्यांनीही पुढे यावं. गोलकीपरने दोन पेनल्टी अडवल्या, त्या टाळ्यांशिवाय राहू नयेत.

एनएमएमएस शिष्यवृत्तीसाठी गेल्या वर्षीच्या आठवीतले, म्हणजे आत्ताच्या नववीतले, दोघे निवडले गेले. महिन्याला १,००० रुपये, नववी ते बारावी. चार वर्षांचे ४८,००० होतात. यंदाच्या आठवीतल्यांनी ऐका : सातवीला ५५ टक्के असतील आणि घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर ही परीक्षा तुमच्यासाठी आहे. गणिताच्या सरांचा जादा तास मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर. पहिल्या तासाला अकराजण होते, गेल्या गुरुवारी चार. सर म्हणाले हे सांग, म्हणून सांगितलं.

घुमट आरतीत आपल्या पथकाला तालुक्यात दुसरा क्रमांक मिळाला. शामेळ आठवीच्या मुलीने वाजवला, परीक्षकांनी तिला थांबवून विचारलं की शिकलीस कुणाकडे. आजोबांकडे, असं ती म्हणाली. घुमट हे २०१९ पासून आपल्या राज्याचं वारसा वाद्य आहे. पूर्वी त्याच्या तोंडाला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. आता ही माहिती मी का देतेय, तर कातडं दमट हवेत सैल पडतं आणि आवाज बसतो. म्हणून मधल्या सुट्टीत पथकाचे घुमट व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात तापत ठेवलेले असतात. ते वाजवून बघायला ठेवलेले नाहीत. भांडं मातीचं आहे. शुक्रवारी चेंडू लागून एक पडला, काठाचा कपचा उडाला. कुणी मारला ते पथकाला माहीत आहे, त्यानेही माफी मागितली आहे, विषय संपला. पण कठड्यापासून वर्गाच्या दारापर्यंत आता चेंडू नको.

इथून नियमांच्या स्लाइड्स सुरू होतात. पाच आहेत, मी दोनच वाचते, बाकी तुम्हाला पाठ आहेत.

पहिला मोबाइलचा. आणला आणि सापडला तर ऑफिसच्या कपाटात, आणि परत घ्यायला आई किंवा बाबांनी यायचं. आजी चालत नाही. गेल्या महिन्यात एकाच्या आजी आल्या होत्या आणि त्यांनी आधी मोबाइल घेतला, मग ऑफिसलाच चार शब्द सुनावले.

दुसरा वाहनांचा. स्लाइडवर 'रस्ता सुरक्षा : आपली जबाबदारी' असं आहे आणि खाली हेल्मेटचं चित्र. पण शाळेतली गोष्ट हेल्मेटची नाही. शाळेच्या वळणावर, दुकानाच्या मागे, सकाळी तीन स्कूटर लावलेल्या असतात. फाटकातून दिसत नाहीत, ग्रंथालयाच्या खिडकीतून दिसतात. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आईची स्कूटर त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदल झाला, त्यानुसार अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे कॉलेज संपून नोकरीला लागलात तरी बसनेच जायचं. सरांनी सांगितलंय की आजपर्यंतचं ते विसरतील. उद्यापासून स्कूटर दिसली तर फोन घरी जाईल.

पाव-भाजीची स्लाइड नव्हती, ही आमची भर. बचतगटाच्या मावशींनी सांगितलं की अर्धे खाल्लेले पाव नळाच्या नाल्यात सापडतात. पाणी तुंबतं आणि तो नाला त्यांनाच हाताने काढावा लागतो. एक पाव पुरत असेल तर घेतानाच एक म्हणा.

पुढचे कार्यक्रम. विज्ञान प्रदर्शनाची नावं उद्यापर्यंत विज्ञानाच्या बाईंकडे. ज्वालामुखी यंदा बंद, गेल्या वर्षी सहा होते. आठवीची सहल शुक्रवार, १२ डिसेंबरला आग्वादला. संमतीपत्र या शुक्रवारपर्यंत. आग्वाद हे नाव पाण्यावरून पडलं, पोर्तुगीज भाषेत 'आगुआ' म्हणजे पाणी. १६१२ मध्ये बांधून झालेल्या त्या किल्ल्यात मोठं टाकं आहे, त्यातून जहाजांना गोडं पाणी मिळायचं. तुम्हाला मिळणार नाही, बाटली घरून भरून आणा. किल्ल्याखालचं कारागृहही पाहायचं आहे. मुक्तिलढ्यातल्या कैद्यांना तिथे ठेवलं होतं. कोठडीत सेल्फी काढण्याआधी दार बंद करून एक मिनिट आत उभे राहा, असं इतिहासाचे सर म्हणाले आहेत.

आणि १९ डिसेंबर, शुक्रवार, गोवा मुक्तिदिन. ध्वजवंदन सकाळी आठला, पूर्ण गणवेश, सुट्टी असली तरी हजेरी आहे. यंदा ६४ वर्षं होतील. स्लाइडवर 'ऑपरेशन विजय' आणि तारीख, एवढंच आहे. सातवीला मात्र एक काम दिलंय : १९६१ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज चौऱ्याहत्तरचे आहेत. घरात, शेजारी, देवळापाशी, चर्चपाशी, जिथे असतील तिथे त्यांना विचारायचं की त्या दिवशी तुम्ही कुठे होता, काय खाल्लंत, काय ऐकलंत. एक पान लिहायचं, १५ तारखेपर्यंत द्यायचं. पानं व्हरांड्यातल्या फळ्यावर लागतील.

पहिलं पान आलं आहे, त्यातलं थोडं वाचते. सातवीतल्या मुलाच्या पणजीने सांगितलेलं आहे. ती तेव्हा बावीस वर्षांची होती.

'पहाटे धडाम् झालं. मला वाटलं कुठल्यातरी जत्रेत गर्नाली उडाल्या. पण जत्रा तर कुठे नव्हती. मग शेजारचा धावत आला, म्हणाला, पूल गेला. मी तांदूळ धुवायला घेतले होते, ते तसेच ठेवले. सासूबाई म्हणाल्या, पूल गेला तरी पेज लागेलच ना, धू.'

१८ डिसेंबरच्या पहाटे मागे हटताना पोर्तुगीजांनी आपल्या डिचोलीचा पूल उडवला, अस्नोड्याचा आणि शापोऱ्याचाही. पुस्तकात ही एक ओळ आहे. पणजीबाईंच्या तांदळाची ओळ पुस्तकात नाही, म्हणून हे पान आणणाऱ्याला आमच्या वर्गाकडून टाळ्या.

(टाळ्या.)

पणजी, आजोबा कुणी नसतील त्यांनी रडू नये. इतिहासाच्या सरांकडे वाड्यावाड्यातल्या आजी-आजोबांची यादी आहे, दोघा-दोघांनी मिळून जायचं. रिकाम्या हाताने जाऊ नका, निदान पेडे न्या. आणि आजोबा तेव्हा चार वर्षांचे असतील तर त्यांना आठवत नाही म्हणतील. तेही लिहा.

स्नेहसंमेलन त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवार २० तारखेला, दुपारी चारला. ज्यांच्या नाचाला अजून गाणं ठरत नाही त्यांना आज शेवटचा दिवस, संगीताच्या बाई उद्या ऐकणार नाहीत. नाताळच्या सुट्टीच्या तारखा फळ्यावर लावल्या आहेत, ऑफिसच्या खिडकीशी विचारायला जाऊ नका.

सापडलेल्या वस्तू : एक निळी बाटली, कंपासमधलं एकटं कर्कटक, आणि डाव्या पायाची एक चप्पल. चप्पल शुक्रवारपासून आहे. ज्याची असेल तो घरी कसा गेला, हे त्याने मला नंतर खासगीत सांगावं.

नऊ मिनिटं झाली, बाई.

शाळा, सावधान. पाचवीपासून ओळीने वर्गात. व्हरांड्यातून जाताना कठड्याला धक्का नको, घुमट आत्ताच ठेवलेत.